लेकीच्या बोळवणीची जात्यावरची ओवी कशी लिहायची

जात्यावरची ओवी लिहायला बसणारे बहुतेक जण सुरुवात शब्दांपासून करतात आणि तिथेच अडतात. ओवी शब्दांआधी हातात असते. जातं फिरतं, त्या फेऱ्याला धरून आवाज चालतो आणि आवाजाच्या मागून शब्द येतात. म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, जात्यावर बसण्याचं आहे.

घरात जातं असेल तर पाव पायली तूर किंवा हरभरा घ्या आणि भरडायला बसा. पीठ करायची गरज नाही, डाळ भरडताना जातं हलकं चालतं आणि नवख्या हाताला झेपतं. जातं नसेल तर जमिनीवर मांडी घालून बसा, समोर ताट उपडं ठेवा आणि त्याच्या कडेवरून मूठ गोल फिरवत राहा. दहा-पंधरा मिनिटांनी तुमच्या श्वासाची आणि हाताची एक गाठ बसते. हात लांब जातो तेव्हा आवाज लांबतो, हात अंगाजवळ येतो तेव्हा तुटतो. ही गाठ बसली की नुसतं ‘अं अं’ करत गुणगुणा. शब्द अजून नकोत.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी आजी दळायची तेव्हा तिच्या ओवीचा एक चरण साधारण दोन फेऱ्यांत बसायचा. शेवटचा तुकडा आखूड असायचा. तो संपला की तिचा डावा हात टोपल्याकडे जाई, मूठभर ज्वारी उचलून जात्याच्या तोंडात घास टाके, आणि तेवढ्या अवकाशात ती श्वासही घेई. शेवटचा चरण आखूड का, हे मला तिच्या हाताकडे पाहूनच कळलं.

आता बांधणी. ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात. तीन चरण सारखे, चौथा अर्धा. ‘पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम’ ही सुरुवात सगळ्यांना तोंडपाठ असते. तिच्यातही दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण मोकळा सुटतो. नवख्या माणसाने हाच साचा धरावा: सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं आणि शेवटी चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. ‘चार’ हा शब्द बोलताना एका झटक्यात जातो, पण ओवीत तो दोन अक्षरांचा, कारण गाताना ‘चाऽर’ असा लांबतो. पहिला चरण सात किंवा आठ अक्षरांचा झाला तरी चालतो, कारण तिथे दम ताजा असतो. तिसरा मात्र वाढू देऊ नका. तिथे दम संपत आलेला असतो आणि हात घासासाठी तयार होत असतो.

ग्रंथातली ओवी याहून सैल असते. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीनही चरण यमकाने बांधलेले असतात आणि अक्षरांची संख्या पुष्कळ कमी-जास्त होते. ती वाचायची आणि सांगायची ओवी आहे. बायकांची ओवी कष्टाची. बाराव्या शतकात सोमेश्वर या चालुक्य राजाच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ओवी आणि हाताचं काम यांची जोडी निदान तितकी जुनी.

साचा हातात आला की विषयाकडे वळू. इथे सगळ्यात मोठी चूक होते. लेक सासरी जाते म्हटलं की नवखा लिहिणारा थेट रडण्यावर जातो. पाखरू उडालं, अंगण सुनं झालं, डोळ्यांना धारा लागल्या. हे सगळं खरं असतं, पण कोणत्याही गावातली कोणतीही आई हेच म्हणेल. आपल्याला एका घरातली एक सकाळ हवी.

मी माझ्या मोठ्या बहिणीच्या बोळवणीवर ओव्या लिहायला घेतल्या तेव्हा माझीही पहिली वही अशीच भरली होती. मग ती बाजूला ठेवून आईजवळ बसले आणि चार गोष्टी विचारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी कोण उठलं? ताईच्या कोणत्या वस्तूला कोणी हात लावला नाही? तिचं रोजचं कोणतं काम त्या दिवशी कोणावर आलं? आणि बाबा कुठे होते? तुम्हीही हेच विचारा. ‘तुले कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘काय वाटनार, माय’ एवढंच येतं. कामाबद्दल विचारलं की माणूस बोलतो.

आई म्हणाली, पीठ चक्कीवरून येत होतं, पण तूर घरीच भरडायची होती. पहाटे ती जात्यावर बसली, घास टाकला आणि समोरून दुसरा हात खुंट्यावर येईल म्हणून थांबली. माय-लेकी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढायच्या, दोन हात तिचे, दोन ताईचे. बाबा रेंगीच्या, म्हणजे बोळवणीच्या बैलगाडीच्या, मागे पांदणीपर्यंत गेले होते ते दुपारीच परतले, आणि कुठे होतो ते त्यांनी आजवर सांगितलं नाही. कोठ्यातली गाय ताईच्या हातून वैरण खायची, तिने दोन दिवस कडब्याला तोंड लावलं नाही. एवढंच. पण एवढ्यात तीन ओव्या होत्या.

पहिली ओवी जात्यावरचीच करा. गाणारी जिथे बसली आहे तिथूनच गाणं निघालं की ऐकणारा लगेच शेजारी येऊन बसतो. आईने दोन हात आणि चार हात म्हटलं होतं. मला फक्त क्रम लावायचा होता.

जात्याले दोन हात
काल होते चार
खुटा वाटे भार
लेकीवीन

मोजून पाहा. पहिल्या चरणात सात अक्षरं, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात सहा, शेवटी चार. ‘चार’ आणि ‘भार’ यमक. लेक गेली हे या ओवीत शेवटच्या शब्दापर्यंत सांगितलेलं नाही. आधी हात मोजले, मग खुंटा जड झाला, आणि घास टाकायच्या क्षणी ती आठवली. मी आधी ‘लेकीवीन जातं माह्यं जड झालं’ असं लिहिलं होतं. त्यात सगळं पहिल्याच चरणात संपत होतं आणि पुढचे चरण नुसते भरतीचे झाले. लेकीचं नाव शक्य तितकं मागे ठेवायचं, हा माझा या ओव्यांपुरता नियम झाला.

दुसरी ओवी कशी घडली ते पायरी-पायरीने सांगते, कारण शिकण्यासारखं सगळं खोडाखोडीत असतं. पहिला खर्डा असा होता:

रेंगीत बसून लेक सासराले गेली
बापाच्या डोयाले धारा लागल्या

म्हणून पाहिलं तर पहिल्याच ओळीत दम तुटला. चौदा अक्षरं एका दमात, आणि मध्ये थांबायला जागा नाही. आधी ओळ तोडली. ‘सासराले गेली’ काढून टाकलं, बोळवणीची रेंगी दुसरीकडे कुठे जाणार? उरलं ‘रेंगी गेली’. कुठून गेली? पांदणीनं. झाला पहिला चरण, ‘रेंगी गेली पांदनीनं’. आठ अक्षरं आहेत, पण पहिल्या जागी खपतात.

मग बापाचे डोळे. बाबा रडले की नाही हे आईला माहीतच नव्हतं, ते मी घातलेलं होतं. तिने पाहिलं होतं ते एवढंच की रेंगीच्या मागे धूळ उडाली आणि ते धुळीत उभे राहिले. ‘धूय उडे मागं’, सहा अक्षरं. आता ‘मागं’ला यमक हवं. अशा वेळी वहीच्या कडेला जुळणारे शब्द ओळीने लिहून काढा: जागं, रागं, लागं, सांगं. मी आधी ‘बाप उभा जागं’ केलं. यमक जुळलं, पण असं आमच्याकडे कोणी बोलत नाही. तोंडात न बसणारा शब्द यमकासाठी ओढून आणला की गाताना जीभ तिथे ठेचकाळते, आणि ऐकणारी बाई ती ओवी दुसऱ्यांदा म्हणत नाही. ‘सांगं’ घेतलं तेव्हा बाबांचं न सांगणं आपोआप आत आलं.

रेंगी गेली पांदनीनं
धूय उडे मागं
बाप कोना सांगं
मनातलं

शेवटी मी आधी ‘दुःख त्याचं’ लिहिलं होतं. अक्षरं बरोबर चार होती. तरी खोडलं, कारण दुःखाचं नाव घेतलं की ओवी समजावून सांगायला लागते. ‘मनातलं’ही चारच अक्षरांचं आहे, आणि गाताना ‘मनात-लं’ असं सहज चालतं. अक्षरमोजणी आणि कान यांत भांडण झालं तर कानाचं ऐका, मात्र जात्यावर बसून ऐका, कागदावर नाही.

रेंगी आता लग्नात दिसत नाही. तुमच्या घरची लेक जीपमध्ये बसून गेली असेल तर जीपच लिहा. ‘जीप गेली पांदनीनं’ म्हटलं तरी तितकीच अक्षरं होतात, ‘गाडी गेली डांबरीनं’ म्हटलं तरी. जुनं वाटावं म्हणून न पाहिलेली रेंगी आणू नका. धूळ मात्र खरीच उडाली होती का ते विचारून घ्या, डांबरी रस्त्यावर ती उडत नाही, आणि मग दुसरा चरण बदलावा लागेल.

तिसरी ओवी गायीची. ही एका बैठकीत झाली.

कोठ्यातली गाय
कडबा ना खाय
तिले सांगू काय
लेक गेली

यात पहिले तीनही चरण जुळले आहेत. असं आपोआप झालं तर होऊ द्या, पण पाचही ओव्यांत करू नका. तिन्ही चरण सतत जुळले की चाल बडबडगीतासारखी उड्या मारू लागते, आणि जात्याच्या संथ घरघरीला ते शोभत नाही. पाचात एखादी अशी असली की मात्र बरं वाटतं, जसं दळताना मध्येच जातं हलकं चालतं.

भाषेबद्दल इथेच सांगते, कारण विदर्भातल्या ओवीत सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. आमच्याकडे जुन्या बायकांच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’. धूळ ‘धूय’, डोळा ‘डोया’, पांदण ‘पांदन’. ‘मला-तुला’चं ‘मले-तुले’, ‘माझी’चं ‘माही’. लेकीला हाक ‘गं’ने नाही, ‘वं’ने. आणि बाई स्वतःबद्दल बोलतानाही ‘मी जातो, मी पाहतो’ म्हणते. शाळेत शिकलेला हात ते लगेच ‘पाहते’ करतो. करू नका. मात्र दुसरी चूकही तितकीच वाईट: सगळीकडे ‘ळ’चा ‘य’ करत सुटायचं आणि स्वतःच्या तोंडात नसलेलं वऱ्हाडी बोलायचं. नागपूरकडची बोली, चंद्रपूर-गडचिरोलीकडची, वाशीम-बुलढाण्याकडची, सगळ्या सारख्या नाहीत. तुमच्या आईच्या किंवा आजीच्या तोंडी जे आहे तेवढंच घ्या. शंका आली तर तो चरण तिला म्हणून दाखवा. ती आपल्या तऱ्हेने पुन्हा म्हणेल, तिने बदललेला शब्द लिहून घ्या.

नमुने ऐकायचे असतील तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून जमवलेला जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह आहे, आणि त्यातल्या पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. चाल आणि दम शिकायला त्याचा फार उपयोग होतो. पण त्यातल्या बऱ्याच बायका पुणे भागातल्या आहेत. त्यांच्या ओव्या पुष्कळदा दोन लांब ओळींच्या असतात आणि बोली मावळची-मुळशीची. त्यांचे शब्द उचलून वऱ्हाडातल्या आईच्या तोंडी घातले की लगेच उघडं पडतं.

चौथ्या ओवीपासून तोंड लेकीकडे वळवा. पहिल्या तीन ओव्यांत आई घरातल्या वस्तूंशी बोलत होती, आता ती लेकीला दोन शब्द सांगते. इथे सासूच्या जाचावर जायचा मोह होतो, कारण जुन्या ओव्यांत तो विषय भरपूर आहे. तुमच्या घरी तसं घडलं असेल तर जरूर लिहा. आमच्या घरी आईने ताईला जाताना जे सांगितलं होतं ते जात्याबद्दल होतं: नवीन जातं आहे, एकदम मोठा घास टाकू नको, भरड जाडी पडेल आणि हातही दुखेल. मला त्यात सगळं सासर दिसलं.

सासरच्या जात्याले
घास दे वं थोडा
अनोयखी वाडा
हयू हयू

‘थोडा’ आणि ‘वाडा’ यांचं यमक पूर्ण नाही, शेवटचं ‘डा’ तेवढं जुळतं. ओवीला इतकं पुरतं. शेवटचा ‘हयू हयू’ म्हणजे हळूहळू. इथे हात खरोखर मंद करा, जातं जवळजवळ थांबेपर्यंत. एकाच शब्दाची अशी जोडी चौथ्या चरणात चांगली बसते, पण पाच ओव्यांत एकदाच.

पाचवी ओवी परत येण्याची. लेक कोणत्या सणाला येणार ते तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पोळा, दिवाळी, काहीही. मी भुलाबाई घेतली, कारण भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात, खिरापत ओळखायला लावतात, आणि ज्या घरची मुलगी सासरी गेली त्या घरी तो आवाज नेमका लागतो.

भुलाबाई आली
खाली राहे पाट
पाह्यतो मी वाट
येजो लेकी

‘येजो’ या शब्दासाठी ही ओवी मी शेवटी ठेवली. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे पुढे केव्हातरी, जमेल तेव्हा, पण नक्की ये. दारातून निघणाऱ्या माणसाला आमच्याकडे असंच म्हणतात. दुसऱ्या चरणात मी आधी ‘ताट’ लिहिलं होतं, तेही यमकाला चाललं असतं. आई म्हणाली, ‘ताट त रिकामं राह्यतच नाही वं, कोनीतरी जेवतेच. तिचा पाट कोनी घेत नाही.’ म्हणून पाट.

आता गाणं बांधायचं. प्रत्येक ओवी अशी गा: पहिला आणि दुसरा चरण एकदा, मग तिसरा-चौथा जोडून दोनदा. ‘खुटा वाटे भार, लेकीवीन. खुटा वाटे भार, लेकीवीन.’ दुसऱ्यांदा म्हणताना आवाज थोडा उतरवा. दोन बायका असतील तर पहिलीने ओवी म्हणायची आणि समोरच्या बाईने हे शेवटचं पालुपद उचलायचं. दोन ओव्यांच्या मध्ये दोन-तीन फेरे नुसतं जातं फिरू द्या, काही म्हणू नका. नवखे तिथे घाई करतात आणि पाच ओव्या मिनिटभरात संपवतात. जात्याच्या घरघरीलाही आपली जागा आहे. चाल एकच ठेवा, पाचही ओव्यांना. वेगळी चाल लावली की ते स्टेजवरचं गाणं होतं.

चरणात एखादं अक्षर कमी पडलं तर ‘वं’, ‘बाई’, ‘माय’ असे शब्द भरायला असतातच. ‘तिले सांगू काय वं’, ‘बाप कोना सांगं माय’. पण ते गाताना घाला, लिहून ठेवू नका. लिहून ठेवले की ते प्रत्येक वेळी त्याच जागी येतात आणि पोकळ वाटू लागतात.

ओवी जमली की नाही हे पाहायला मी तीन गोष्टी करते. आधी हात फिरवत पाचही ओव्या सलग म्हणते. कुठे हात आपोआप थांबला तर त्या चरणात अक्षरं जास्त आहेत किंवा जिभेला अडणारं जोडाक्षर आहे. मग वही बंद करून दुसऱ्या दिवशी आठवून म्हणते. जो चरण आठवत नाही तो बहुधा चुकीचा असतो, आणि त्याच्या जागी तोंडातून जे वेगळंच निघतं ते पुष्कळदा लिहिलेल्यापेक्षा बरं असतं. शेवटी गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांसमोर म्हणते. ‘छान आहे’ म्हणाल्या तर मला काही कळत नाही. त्यांच्यातली एखादी मध्येच स्वतःची ओवी जोडते तेव्हा कळतं की चाल बरोबर पडली, दुसऱ्या बाईला तिच्यात शिरता आलं.

पहिल्यांदा मी या पाच ओव्या शेजारच्या काकूंच्या सपरीत म्हटल्या. पाचवी झाली, मी थांबले. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता, माझ्याच चालीवर, सूप हलवत म्हटलं:

बांगडीचा तुकडा
उंबऱ्याशी होता
झाडू मी ना देता
ठेवला वं

‘ना देता’ हे तिथे व्याकरणात बसत नाही, हे माझ्या मनात आलं आणि लगेच गेलं. मी ती सहावी म्हणून जशीच्या तशी उतरवून घेतली.